लांब मजकुरात कामाचा शब्द सापडतो कसा: अटेन्शनचं गणित आणि त्याच्या मर्यादा

प्रश्न: भाषा मॉडेलच्या ट्रान्सफॉर्मर रचनेतलं अटेन्शन म्हणजे प्रत्येक शब्दाला महत्त्व देणं, असं सगळीकडे वाचलं. पण ते महत्त्व ठरवतं कोण? आणि मजकूर लांबला की मॉडेल मधल्या गोष्टी विसरतं, ते का?

उत्तर:

शब्दाला स्वतःचं असं महत्त्व नसतं, इथून सुरुवात करू. अटेन्शनमध्ये वजन मिळतं ते जोडीला: आत्ता ज्या शब्दापाशी गणित चाललं आहे तो शब्द आणि मागचा एखादा शब्द. त्याच मागच्या शब्दाला एका ठिकाणाहून ०.८ वजन मिळेल आणि पुढच्याच शब्दापासून ०.०१. त्यामुळे "या परिच्छेदातले महत्त्वाचे शब्द कोणते" हा प्रश्न अटेन्शन सोडवतच नाही. ते सोडवतं तो प्रश्न असा: "मी या जागी आहे, पुढचा शब्द सांगायचा आहे, तर मागच्या कोणत्या शब्दांकडून माहिती उचलू?"

मराठीत याचं चांगलं उदाहरण क्रियापदाच्या रूपातच मिळतं. हे वाक्य घ्या: "मावशीने डबा वहिनीला काल संध्याकाळीच ___". पुढे "दिला" येणार, "दिली" नाही. वाक्यात दोन बायका आहेत, कर्ताही स्त्रीलिंगी आहे, तरी क्रियापद डब्याप्रमाणे चालतं, कारण कर्त्याला "ने" लागला आहे आणि कर्माला प्रत्यय नाही. डब्याऐवजी पिशवी असती तर "दिली", पत्र असतं तर "दिलं". म्हणजे "संध्याकाळीच" या शब्दापाशी उभ्या असलेल्या मॉडेलला शेजारचा "काल" उपयोगाचा नाही. मागे जाऊन विनाप्रत्यय नाम हुडकायचं आहे आणि त्याचं लिंग घेऊन यायचं आहे.

यासाठी मॉडेल प्रत्येक शब्दाचे तीन व्हेक्टर, म्हणजे आकड्यांच्या याद्या, काढतं. शब्दाचा मूळ व्हेक्टर तीन वेगवेगळ्या मॅट्रिक्सनी गुणल्यावर क्वेरी, की आणि व्हॅल्यू असे तीन व्हेक्टर मिळतात. क्वेरी म्हणजे "मला काय हवं आहे", की-व्हेक्टर म्हणजे "माझ्याकडे कोणत्या प्रकारची गोष्ट आहे" आणि व्हॅल्यू म्हणजे "मला निवडलंत तर मी काय देईन". की आणि व्हॅल्यू वेगळ्या ठेवण्यात खरी खुबी आहे. डबा सापडतो तो विनाप्रत्यय नाम असल्यामुळे, पण तिथून उचलायचं असतं ते त्याचं पुल्लिंग. ओळखण्याची खूण एक आणि नेण्याचा माल दुसरा.

आता आकड्यांत पाहू. समजा प्रत्येक व्हेक्टरला चारच घटक आहेत: पहिला विनाप्रत्यय नामासाठी, दुसरा कोणत्याही नामासाठी, तिसरा काळवाचक शब्दासाठी, चौथा प्रत्यय लागलेल्या नामासाठी. (खऱ्या मॉडेलमध्ये घटकांवर अशी लेबलं नसतात. एक गुणधर्म अनेक घटकांत पसरलेला असतो. इथे फक्त हिशेब दिसावा म्हणून हे सोपं केलं आहे.) "संध्याकाळीच" या शब्दाची क्वेरी (२, १, ०, −१) धरू, म्हणजे "विनाप्रत्यय नाम हवं, प्रत्ययवालं नको". "डबा"चा की-व्हेक्टर (२, २, ०, ०), "मावशीने" आणि "वहिनीला" या दोघींचा (०, २, ०, १), आणि "काल" व "संध्याकाळीच" यांचा (०, ०, २, ०).

क्वेरी आणि की यांचा डॉट प्रॉडक्ट, म्हणजे घटकाला घटक गुणून केलेली बेरीज, हा त्या जोडीचा गुण. डब्याला ४ + २ = ६. मावशीला २ − १ = १, वहिनीलाही तेवढाच. काळवाचक शब्दांना शून्य. हे गुण घटकसंख्येच्या वर्गमुळाने, इथे २ ने, भागायचे: ३, ०.५, ०.५, ०, ०. मग सॉफ्टमॅक्स: प्रत्येक गुण e च्या घातांकात चढवायचा आणि एकूण बेरजेने भागायचा. e³ म्हणजे २०.०९, e^०.५ म्हणजे १.६५, e⁰ म्हणजे १. बेरीज २५.३८. डब्याचं वजन ०.७९१, मावशी आणि वहिनी प्रत्येकी ०.०६५, बाकीचे दोघे प्रत्येकी ०.०३९. सगळ्यांची बेरीज १.

```python
import numpy as np
q = np.array([2, 1, 0, -1])
K = np.array([[0,2,0,1], [2,2,0,0], [0,2,0,1],
              [0,0,2,0], [0,0,2,0]])
s = K @ q / np.sqrt(4)
a = np.exp(s - s.max()); a /= a.sum()
print(a.round(3))   # [0.065 0.791 0.065 0.039 0.039]
```

शेवटची पायरी: या वजनांनी सगळ्यांच्या व्हॅल्यू गुणून मिसळायच्या. व्हॅल्यूच्या एका घटकात पुल्लिंगाला +१, स्त्रीलिंगाला −१ आणि बाकीच्यांना ० धरलं, तर मिश्रण येतं ०.७९१ − ०.०६५ − ०.०६५, म्हणजे ०.६६. हे मिश्रण "संध्याकाळीच" या शब्दाच्या स्वतःच्या व्हेक्टरमध्ये मिळवलं जातं. त्याच्या जागी काही ठेवलं जात नाही, त्यात भर पडते. पुढच्या लेअरना, म्हणजे हाच हिशेब पुन्हा करणाऱ्या पुढच्या थरांना, आता त्या जागी "पुढे पुल्लिंगी रूप येणार" हा संकेत तयार मिळतो. हे सगळं सूत्रात एका ओळीत मावतं:

```
softmax(Q K^T / sqrt(d_k)) V
```

हे सूत्र २०१७ मध्ये गुगलमधल्या वास्वानी आणि सहकाऱ्यांच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या निबंधात आलं. अटेन्शनची कल्पना त्याआधीची, २०१४ च्या बाहदानाउ, चो आणि बेंजिओ यांच्या यांत्रिक भाषांतराच्या कामातली. तिच्यामागचं दुखणंही लांब वाक्यांचंच होतं: संपूर्ण वाक्य एका ठराविक लांबीच्या व्हेक्टरमध्ये कोंबलं की लांब वाक्यांचं भाषांतर घसरत होतं.

वजन ठरवतं कोण

व्याकरणाचा नियम कोणी लिहून दिलेला नसतो. तीन मॅट्रिक्स सुरुवातीला यादृच्छिक आकड्यांनी भरलेल्या असतात आणि मॉडेलला फक्त पुढचं टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा, ओळखायला लावतात. "दिली" असं चुकीचं उत्तर आलं की चूक उलट्या दिशेने मागे वाहत जाते आणि प्रत्येक आकडा किंचित हलवते. गुण किती हलावा याचंही सूत्र आहे, आणि ते शब्दांत सांगण्यासारखं आहे. एखाद्या मागच्या शब्दाचा गुण वाढवण्याचा रेटा म्हणजे त्याचं आत्ताचं वजन गुणिले एक फरक. तो फरक असा: त्या शब्दाच्या व्हॅल्यूमुळे उत्तर जितकं सुधारतं, ते सध्याच्या मिश्रणाच्या तुलनेत किती जास्त. डब्याची व्हॅल्यू मिश्रणापेक्षा उपयोगी असेल तर डब्याचा गुण वाढतो, मावशीची हानिकारक असेल तर तिचा कमी होतो. लाखो वाक्यांनंतर क्वेरी आणि की यांना "विनाप्रत्यय नाम" या गुणधर्मावर जुळायची सवय लागते.

याच सूत्रातून वर्गमुळाने भागण्याचं कारण कळतं. रेट्यात "आत्ताचं वजन" हा गुणक आहे. वजन शून्याजवळ असेल तर रेटाही शून्याजवळ, म्हणजे ज्या शब्दाकडे मॉडेल अजिबात बघत नाही त्याच्याकडे बघायला शिकणंही अवघड. २०१७ च्या मूळ मॉडेलमध्ये प्रत्येक क्वेरीला ६४ घटक होते. घटक साधारण १ च्या प्रमाण विचलनाचे असले तर डॉट प्रॉडक्टचं विचलन ६४ च्या वर्गमुळाइतकं, म्हणजे ८ होतं. मग निव्वळ योगायोगाने एका शब्दाला १६ आणि दुसऱ्याला ० गुण मिळणं सहज शक्य असतं, आणि e¹⁶ म्हणजे सुमारे ८९ लाख. प्रशिक्षण सुरू व्हायच्या आधीच सगळं वजन एका यादृच्छिक शब्दावर जाऊन बसेल आणि बाकीच्यांकडे रेटाच पोचणार नाही. ८ ने भागलं की गुण पुन्हा ±१, ±२ च्या टापूत येतात. आपल्या छोट्या उदाहरणातही भागाकार वगळून पाहा, डब्याचं वजन ०.७९ वरून ०.९८ वर जातं.

मजकूर लांबला की काय होतं

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे. बहुतेक स्पष्टीकरणं पाच शब्दांच्या वाक्यावर थांबतात, आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू होते.

वरच्याच वाक्याआधी १,००० असंबद्ध शब्द घाला. प्रत्येकाचा गुण शून्य धरा, म्हणजे कोणीही डब्याशी स्पर्धा करत नाही. पण सॉफ्टमॅक्समध्ये शून्य गुणाचा अर्थ शून्य वजन नव्हे, e⁰ म्हणजे १. छेदाची बेरीज २५.३८ वरून १,०२५.३८ होते आणि डब्याचं वजन ०.७९ वरून ०.०२ वर येतं. डब्याचा गुण जराही कमी झालेला नाही. तो अजूनही सगळ्यात वरचा आहे. तरी मिश्रणातला ९७ टक्क्यांहून जास्त भाग आता ज्यांचा काही संबंध नाही अशा शब्दांचा आहे. मधलं "विसरणं" म्हणतात त्यातला पहिला प्रकार हा: माहिती गेलेली नसते, पातळ झालेली असते.

यातून मॉडेल दोन मार्गांनी निसटतं. पहिला मार्ग म्हणजे कामाच्या शब्दाचा गुण वाढवणं. १,००० शब्दांच्या गर्दीत तेच ०.७९ वजन टिकवायला गुण ३ ऐवजी सुमारे ८.२ लागतो, १ लाख शब्दांत सुमारे १२.८. गर्दी दहापट झाली की गुणात फक्त २.३ ची भर पुरते, कारण घातांक वेगाने चढतो. लांब मजकुरात अटेन्शन मुळात चालतं ते या लॉगरिदममुळे. दुसरा मार्ग म्हणजे असंबद्ध शब्दांना शून्याच्या खाली ढकलणं. त्या हजार शब्दांचा गुण ० ऐवजी −३ केला तर प्रत्येकाचा वाटा १ ऐवजी ०.०५ होतो आणि डब्याचं वजन ०.०२ वरून ०.२७ वर येतं. प्रशिक्षित मॉडेल दोन्ही मार्ग एकत्र वापरतात.

गर्दीतल्या गुणांचा चढउतार मात्र घातक असतो. सरासरी शून्य असली तरी काहींना +२ आणि काहींना −२ मिळत असतील, तर +२ वाले जितकं वाढवतात तितकं −२ वाले कमी करत नाहीत. घंटाकृती वितरणात विचलन १ असेल तर गर्दीची बेरीज साधारण १.६५ पट होते, विचलन २ असेल तर ७.४ पट. म्हणून एक हजार साधी असंबद्ध वाक्यं झेपतात, पण कामाच्या वाक्यासारखीच दिसणारी वीस वाक्यं मॉडेलला जास्त छळतात. लांबीपेक्षा सारखेपणा जास्त महाग पडतो, हे लक्षात ठेवलंत तर प्रत्यक्षातल्या बऱ्याच चुकांचा उलगडा होईल.

सॉफ्टमॅक्सची आणखी एक सक्ती आहे: वजनांची बेरीज १ झालीच पाहिजे. एखाद्या हेडला, म्हणजे वरच्यासारख्या अटेन्शनच्या एका संचाला, या जागी काहीच शोधायचं नसेल तरी त्याला "कोणाकडेच नाही" असं म्हणता येत नाही. मग मॉडेल उरलेलं वजन मजकुराच्या पहिल्या काही टोकनांवर टाकायला शिकतं, कारण ती टोकनं प्रत्येक जागेवरून दिसतात. तिथली व्हॅल्यू साधारणपणे लहान असते, त्यामुळे उत्तर बिघडत नाही. याला अटेन्शन सिंक म्हणतात. २०२३ मध्ये शियाओ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लांब संभाषणात जागा वाचवायला जुनी टोकनं फेकून देताना ही पहिली चार टोकनं फेकली तर मॉडेल कोसळतं, आणि ती ठेवली तर सावरतं. त्या चार टोकनांत अर्थ काहीही असो.

एक हेड पुरत नाही, एक लेअरही नाही

वरचा सगळा हिशेब एका हेडचा. एका हेडकडे वाटायला एकूण १ एवढंच वजन असतं, त्यामुळे त्याने एकाच वेळी डब्याचं लिंग आणि क्रियेचा काळ असं दोन्ही शोधलं तर दोन्ही अर्धवट होतं. म्हणून व्हेक्टरचे तुकडे करून समांतर हेड चालवतात: मूळ मॉडेलमध्ये ५१२ घटकांचे ६४-६४ चे ८ हेड, असे ६ लेअर. एक हेड विनाप्रत्यय नाम शोधतो, तेव्हाच दुसरा "काल" वरून भूतकाळ उचलतो. हेडची अशी सुबक वाटणी मी समजावण्यासाठी सांगतो आहे. प्रत्यक्षात बऱ्याच हेडना एकच काम नेमून देता येत नाही.

लांब मजकुरात शोध घेण्याचं खरं काम लेअर एकावर एक आल्यावर जमतं. भाडेकराराचं उदाहरण घ्या. दुसऱ्या पानावर लिहिलं आहे: "अनामत रक्कम ७५,००० रुपये". शेवटी प्रश्न येतो आणि उत्तर "अनामत रक्कम" इथपर्यंत लिहून झालं आहे. आता "७५,०००" कसं सापडावं? "रक्कम" या शब्दाची क्वेरी आकड्याशी थेट जुळणार नाही, दोघांत साम्य काहीच नाही. इथे दोन हेड दोन पायऱ्यांत काम करतात. आधीच्या लेअरमधला हेड प्रत्येक शब्दावर "माझ्या आधी कोण होतं" याची नोंद करून ठेवतो, त्यामुळे "७५,०००" वर "आधी: रक्कम" अशी खूण बसते. नंतरच्या लेअरमधला हेड आत्ताचा शब्द घेतो आणि "ज्याच्या आधी हाच शब्द होता असा कोण?" अशी क्वेरी करतो. ती "७५,०००" च्या की-व्हेक्टरशी जुळते आणि आकडा जसाच्या तसा उचलला जातो. या जोडीला इंडक्शन हेड म्हणतात. २०२२ मध्ये ऑल्सन आणि सहकाऱ्यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला, आणि प्रशिक्षणाच्या एका टप्प्यावर ती बऱ्यापैकी एकदम तयार होते असं दाखवलं.

इथे चूक कुठे होईल तेही लगेच दिसतं. करारात "आगाऊ रक्कम १५,००० रुपये" असंही असेल, तर "आधी: रक्कम" ही खूण दोन्ही आकड्यांवर बसते. दोन शब्द मागचं, म्हणजे "अनामत" की "आगाऊ", हे त्या जागी नीट पोचलं असेल तरच निवड बरोबर होते. मॉडेल अनामत म्हणून १५,००० सांगतं तेव्हा त्याने आकडा मनाने रचलेला नसतो. त्याने चुकीच्या दारावर थाप मारलेली असते.

मराठी मजकुरात आणखी एक पेच असतो. मॉडेल शब्द पाहत नाही, टोकन पाहतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. "संध्याकाळीच" मध्ये काना, अनुस्वार, हलन्त धरून ११ चिन्हं, म्हणजे ३३ बाइट. इंग्रजी मजकुरावर घडवलेले जुने टोकनायझर अशा एका शब्दाचे कितीतरी तुकडे करतात. मग सुरुवातीच्या लेअरमधल्या अटेन्शनचा बराच भाग तुकडे जोडून शब्द उभा करण्यातच खर्च होतो, आणि "डबा" नावाची गोष्ट त्याच्या शेवटच्या तुकड्यावर गोळा होते. टोकन चौपट झाली की गर्दीही चौपट, आणि जोड्या सोळापट.

जागेचा हिशेब

डॉट प्रॉडक्टला क्रम कळत नाही. शब्द कुठे आहे हे वेगळं सांगावं लागतं. आज बऱ्याच मॉडेलमध्ये रोटरी पद्धत वापरतात, २०२१ मधली. क्वेरी आणि की यांचे घटक दोन-दोनच्या जोड्यांत घेतात आणि शब्दाच्या क्रमांकानुसार प्रत्येक जोडी एका कोनाने फिरवतात. दोन्ही फिरवल्यावर डॉट प्रॉडक्टमध्ये फक्त क्रमांकांतला फरक उरतो, म्हणजे "किती टोकन मागे". सगळ्यात वेगवान जोडी दर टोकनाला एक रेडियन, म्हणजे सुमारे ५७ अंश फिरते आणि जवळचा क्रम सांगते. नेहमीच्या मांडणीत, १२८ घटकांच्या हेडमध्ये सगळ्यात मंद जोडीला एक फेरा पुरा करायला ५४ हजारांच्या आसपास टोकन लागतात.

अडचण मंद जोड्यांची. मॉडेल ४,०९६ टोकनांवर शिकलं असेल तर मंद जोडीने फेऱ्याचा लहानसा तुकडाच पाहिलेला असतो. त्याला १६,००० टोकन दिली की कधी न पाहिलेले कोन येतात आणि गुण भलतेच होतात. उत्तर थोडं कमी चांगलं होत नाही, ते एकदम विस्कटतं. २०२३ मध्ये चेन आणि सहकाऱ्यांनी सोपा उपाय दाखवला: क्रमांकच आक्रसून घ्या, म्हणजे नवे कोन जुन्याच पट्ट्यात बसतील. २,०४८ टोकनांच्या मर्यादेची, मेटा कंपनीची लामा मॉडेलं अशा रीतीने थोड्या जास्तीच्या प्रशिक्षणाने ३२,७६८ पर्यंत नेता आली.

जागेवरून आणखी एक पूर्वग्रह तयार होतो, आणि "मधलं विसरतं" ही तक्रार मुख्यतः त्याची आहे. २०२३ मध्ये लिउ आणि सहकाऱ्यांनी मॉडेलला १०, २० किंवा ३० उतारे दिले. उत्तर त्यातल्या एकाच उताऱ्यात होतं आणि त्या उताऱ्याची जागा ते बदलत गेले. उत्तर सुरुवातीला किंवा शेवटी असताना अचूकता जास्त, मध्ये असताना कमी. शेवटाचं कारण समजतं: भाषेत जवळचा शब्द बहुधा जास्त उपयोगी असतो आणि मॉडेल तेच शिकतं. सुरुवातीला फायदा देणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे मास्क. पुढचा शब्द बघून फसवणूक होऊ नये म्हणून पुढच्या सगळ्या जागांचा गुण उणे अनंत करतात, त्यामुळे पहिला उतारा त्यानंतरच्या प्रत्येक टोकनाला दिसतो आणि त्याची माहिती अनेक जागी मिसळत जाते. मधल्या उताऱ्याला दोन्हीपैकी कशाचाच पुरता लाभ नाही.

खर्च

थोडक्यात सांगतो. ४,००० टोकनांच्या मजकुरात मास्क धरून सुमारे ८० लाख जोड्या होतात. लामा २ च्या ७ अब्ज आकड्यांच्या मॉडेलमध्ये ३२ लेअर आणि प्रत्येकी ३२ हेड आहेत, म्हणजे एकूण सुमारे ८१९ कोटी गुण. शिवाय उत्तर लिहिताना मागच्या सगळ्या टोकनांच्या की आणि व्हॅल्यू जपून ठेवाव्या लागतात: या मॉडेलात १६ बिटच्या आकड्यांत दर टोकनाला अर्धा एमबी, ४,०९६ टोकनांना २ जीबी. २०२२ चं फ्लॅशअटेन्शन हे जोड्यांचं तक्तं तुकड्यातुकड्यात मोजतं आणि पूर्ण तक्तं मेमरीत कधीच लिहीत नाही. उत्तर गणिती दृष्ट्या तेच येतं, मेमरी वाचते, गुणाकारांची संख्या मात्र लांबीच्या वर्गाच्या प्रमाणातच वाढते.

बिघाड कुठला आहे हे ओळखायचं कसं

आधी टोकन मोजा. अनेकदा मॉडेल काही विसरलेलंच नसतं, मजकूर मर्यादेबाहेर गेला म्हणून प्रोग्रामने शेपूट गुपचूप कापलेलं असतं. बर्टसारख्या मॉडेलची मर्यादा ५१२ टोकन आहे, आणि मराठीची दोन पानंसुद्धा त्यात मावत नाहीत.

ते ठीक असेल तर अनामतीचं वाक्य मजकुरात वेगवेगळ्या खोलीवर ठेवून तोच प्रश्न विचारा: सुरुवातीला, पाव, अर्ध्यात, पाऊण, शेवटी. फक्त मध्ये चूक होत असेल तर जागेचा पूर्वग्रह. एका ठराविक लांबीनंतर सगळीकडेच बरळत असेल तर कोनांचा प्रश्न. जागा कुठलीही असो, उत्तर म्हणून दुसऱ्या कलमातला आकडा येत असेल, तर सारख्या दिसणाऱ्या वाक्यांची गल्लत. ही खात्री करायला "आगाऊ रक्कम" वालं कलम तेवढं काढून पाहा. उत्तर सुधारलं तर निदान पक्कं.

हे शोधायला अटेन्शनचे रंगीत नकाशे काढण्याचा मोह होतो. जपून. सगळ्या हेडची सरासरी काढलीत तर पहिलं टोकन भडक दिसेल आणि ते फक्त सिंक असेल. शिवाय वजन मोठं असलं तरी तिथली व्हॅल्यू लहान असेल तर परिणाम नगण्य. २०१९ मध्ये जैन आणि वॉलेस यांनी दाखवलं की काही मॉडेलमध्ये वजनं पूर्ण बदलूनही उत्तर तेच ठेवता येतं. त्याच वर्षी विग्रेफ आणि पिंटर यांनी त्यावर हरकत घेतली, आणि वाद मिटला असं म्हणता येणार नाही. मी स्वतः नकाशावर निष्कर्ष काढत नाही. वाक्य काढून टाकायचं आणि बरोबर उत्तराची शक्यता किती घसरते ते मोजायचं, हे जास्त भरवशाचं.

उपायांत, प्रश्न कुठे लिहायचा याला कारण आहे. प्रश्न मजकुराच्या शेवटीच असेल तर मास्कमुळे करारातल्या शब्दांना तो दिसतच नाही. त्यांच्या की आणि व्हॅल्यू प्रश्न माहीत नसताना बनतात. प्रश्न सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे लिहिला की करारातली टोकनं प्रश्न पाहून घडतात आणि शेवटी तो जवळही राहतो. लिउ यांच्या प्रयोगात नुसती ओळखक्रमांकावरून नोंद शोधायच्या कामात याने मोठा फरक पडला, अनेक उताऱ्यांतून उत्तर काढायच्या कामात मात्र फारसा नाही. तिथे उतारेच कमी करावे लागतात, म्हणजे आधी साध्या शोधाने पाचसहा उतारे निवडून तेवढेच द्यायचे.

आणि सारख्या कलमांची गल्लत असेल तर फरकाची खूण आकड्याच्या शेजारी आणा. "वरील मालमत्तेसाठी रक्कम" ऐवजी "दुकान गाळा ४ ची अनामत रक्कम ७५,००० रुपये" असं प्रत्येक कलमात पूर्ण लिहा. वाचणाऱ्या माणसाला ती पुनरुक्ती वाटेल, पण तिच्यामुळे त्या आकड्याचा की-व्हेक्टर शेजारच्या कलमातल्या आकड्यापेक्षा खरोखर वेगळा बनतो.